नाव झाकलं, माणूस उघडाच राहिला

कंपनीच्या लीगल विभागात एखाद्या प्रकरणाचा सारांश तयार होतो, तेव्हा तो आतल्या माणसांसाठी असतो. वकील, कंपनी सेक्रेटरी, फार तर व्यवस्थापकीय संचालक. काही दिवसांत तोच सारांश मागायला बाहेरचे येतात. विमा कंपनीला दावा तपासायचा असतो, ऑडिटरला तरतूद किती करायची ते ठरवायचं असतं, मोठ्या ग्राहक कंपनीला आपल्या पुरवठादाराकडे काय चाललंय ते हवं असतं. मग कुणीतरी फाईल उघडतं, नावांवर काळ्या पट्ट्या मारतं, पीडीएफ करतं आणि पाठवून देतं. ही पद्धत बहुतेक ठिकाणी रुळलेली आहे आणि माझ्या मते ती मुळातच चुकीची आहे. बाहेर जाणारा सारांश आतल्या सारांशातून काही शब्द गाळून तयार होत नाही. तो कोण वाचणार आहे हे ठरवून, कोऱ्या पानावर नव्याने लिहावा लागतो.

याचं कारण सारांशाच्या स्वभावातच आहे. तीनशे पानांच्या फाईलमध्ये एखाद्या बाईचं वय पान 12 वर असतं, तिचा विभाग पान 80 वर, तिच्या औषधोपचाराचा उल्लेख पान 210 वर. परक्या माणसाला हे तुकडे जुळवायला बसावं लागतं. सारांश लिहिणारा ते तुकडे दोन परिच्छेदांत एकत्र आणून देतो. त्याचं कामच ते असतं. शिवाय फाईलमध्ये नसलेली एक गोष्ट सारांशात हमखास येते, ती म्हणजे वकिलाला यातलं काय महत्त्वाचं वाटलं.

एक कल्पित पण रोजच्या कामात कुणालाही भेटेल असं उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवडमधला चारशे माणसांचा कारखाना. लैंगिक छळाची तक्रार आली, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉश कायद्याखालच्या अंतर्गत समितीने चौकशी केली, कारवाई झाली, त्याविरुद्ध अपील झालं. लीगल विभागाचं आतलं टिपण असं आहे:

«तक्रारदार क्वालिटी विभागातल्या एकमेव महिला इंजिनिअर, वय 29. दुसऱ्या पाळीत विभागप्रमुखांनी वारंवार अश्लील शेरे मारल्याची तक्रार. कॅन्टीन ठेकेदाराकडची साक्षीदार म्हणाली की तिने दोनदा हे ऐकलं. तक्रारीनंतर तक्रारदार मानसोपचार घेत होत्या. समितीने आरोप सिद्ध मानले. विभागप्रमुखांना बडतर्फ केलं, त्यांनी अपील केलं आहे. 14 फेब्रुवारीच्या बैठकीला समितीचे दोनच सदस्य हजर होते; वकिलांच्या मते यामुळे आदेश टिकणं अवघड. सहा लाखांपर्यंत तडजोडीची तयारी ठेवावी.»

यात एकही नाव नाही. मोबाइल नंबर नाही, आधार क्रमांक नाही, पत्ता नाही. नावं, नंबर आणि ईमेल शोधून झाकणाऱ्या कुठल्याही पद्धतीने तपासलं तर हे टिपण स्वच्छ ठरेल. तरीही कारखान्यातल्या कुणालाही ते वाचल्या वाचल्या तिघं माणसं डोळ्यांसमोर येतील. «एकमेव» या एका शब्दाने तक्रारदार उघड झाली. विभागाला प्रमुख एकच असतो, त्यामुळे पुरुषाचीही ओळख पटली. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बायका किती असणार, म्हणून साक्षीदारही सापडली. ग्राहक कंपनीचे इन्स्पेक्टर दर महिन्याला याच क्वालिटी विभागात येऊन बसतात, हे लक्षात घेतलं तर कागद बाहेर गेला म्हणून तो अनोळखी माणसांच्या हातात गेला असं म्हणता येणार नाही.

2013 च्या पॉश कायद्याचं कलम 16 या बाबतीत पुरेसं स्पष्ट आहे. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार स्त्री, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, समेटाची आणि चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी, मालकाने केलेली कारवाई, यातलं काहीही जनतेला किंवा माध्यमांना कळू द्यायचं नाही. न्याय मिळाल्याची माहिती देता येते, पण नाव, पत्ता, ओळख किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील न देता. म्हणजे कायदा नावापाशी थांबलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात, लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांबद्दल, दुरान्वयानेही ओळख पटेल अशी तथ्यं प्रसिद्ध करायची नाहीत असंच सांगितलं. आणि मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर 2021 मध्ये पॉश प्रकरणांसाठी घालून दिलेल्या पद्धतीत पक्षकारांची नावं, ईमेल, मोबाइल नंबर आणि पत्ते आदेशांतूनच बाहेर ठेवले.

यावर लीगल विभागातून एक युक्तिवाद नेहमी येतो: विमा कंपनी किंवा ग्राहक म्हणजे काही «जनता» नव्हे, त्यामुळे कलम 16 लागू होत नाही. शब्दशः पाहिलं तर या म्हणण्याला आधार आहे. पण मला त्यावर विसंबणं पटत नाही. ग्राहकाकडे गेलेला कागद तिथल्या पर्चेसकडे जातो, त्यांच्या सल्लागाराकडे जातो, पुढच्या ऑडिटच्या फोल्डरमध्ये पडतो, आणि तिथून तो कुणाला दिसला हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. शिवाय ज्या बाईने समितीसमोर बोलायचं धाडस केलं, तिने ते समितीच्या चार भिंतींपुरतं केलं होतं. ग्राहकाच्या कम्प्लायन्स विभागापुढे तिने काहीच मांडलेलं नाही. दंडाची रक्कम नियमांत फक्त पाच हजार रुपये आहे, म्हणून हा धोका पत्करण्याजोगा वाटत असेल, तर तो धोका आपण दुसऱ्याच्या जिवावर पत्करतो आहोत.

मानसोपचाराचा उल्लेख तर कुठल्याच बाहेरच्या वाचकाला लागत नाही. आतल्या टिपणात तो नुकसानभरपाईच्या मुद्द्यासाठी आला असेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रक्रियेला बरीच सूट दिली आहे, पण ती सूट «आवश्यक» या शब्दाला बांधलेली आहे. दावा लढणाऱ्या वकिलाला ती मिळेल. पुरवठादाराची पाहणी करणाऱ्या ग्राहकाला तोच तपशील पाठवताना ती लागू होते असं मला वाटत नाही.

आता मराठी कागदांची एक अडचण, जिच्याबद्दल इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक सूचना गप्प असतात. आपलं क्रियापद माणसाचं लिंग सांगून टाकतं. टिपणात «साक्षीदार म्हणाली» आलं की कॅन्टीनमधले सगळे पुरुष यादीतून बाद झाले. जबाबातलं वाक्य जसंच्या तसं उचललं, «मी तिथून निघून गेले», तरी तेच. बाहेरच्या मसुद्यात «साक्षीदारांनी सांगितलं» असं आदरार्थी लिहावं, किंवा «साक्षीतून पुढे आलं» असं फिरवून घ्यावं. थेट अवतरणं तर टाळावीतच. बोलण्याच्या लकबीवरून, «दादा», «मॅडम», «साहेब» अशा हाका मारण्याच्या सवयीवरून शेजारचा माणूस ओळखू येतो.

नावं शोधून काढायची तर तिथेही मराठी हुलकावणी देते. «पाटील» असा शोध घेतला की «पाटलांनी» आणि «पाटलांकडे» सापडत नाही, कारण विभक्ती लागताना मधला स्वरच जातो. जुने जबाब श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर पडद्यावर मराठी दिसतं आणि शोधाला मात्र काहीच मिळत नाही. स्कॅन केलेल्या पंचनाम्याचंही तसंच. या तीनही बाबतींत «शून्य निकाल» म्हणजे «नाव नाही» असं समजणं घातक आहे. नावाचा धातूइतका छोटा भाग घेऊन शोधावं, रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगं शोधावीत, आणि त्यानंतर कागद डोळ्यांनी वाचावा. डोळ्यांनी वाचायला पर्याय नाही.

दुसरा भाग वकील आणि अशिलाच्या गोपनीयतेचा, ज्याला आम्ही सगळे प्रिव्हिलेज म्हणतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 प्रमाणे अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला त्याने सांगितलेलं किंवा आपण दिलेला सल्ला उघड करता येत नाही. कलम 134 प्रमाणे अशिलाला आपल्या कायदेशीर सल्लागाराशी झालेला गोपनीय संवाद कोर्टात उघड करायला भाग पाडता येत नाही. दुसऱ्या कलमातला «गोपनीय» हा शब्द सगळा भार उचलतो. जो सल्ला आपणच विमा कंपनीला, ऑडिटरला आणि ग्राहकाला ईमेलने पाठवला, तो गोपनीय होता असं नंतर कोर्टात सांगताना वकिलाची पंचाईत होते, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

आमच्या टिपणातलं शेवटचं वाक्य, सहा लाखांचं, प्रिव्हिलेजखाली येतं हे कुणालाही कळेल. त्याच्या आधीचं वाक्य जास्त शिकवणारं आहे. पॉश नियमांप्रमाणे चौकशी चालवताना अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. 14 फेब्रुवारीला दोनच होते, हे एक तथ्य आहे. ते समितीच्या इतिवृत्तात आहे आणि अपिलात ते बाहेर येणारच. तथ्याला प्रिव्हिलेज नसतं. वकिलाला सांगितलं म्हणून एखादी घटना गुपित होत नाही, की आधीपासून असलेला कागद वकिलाच्या फाईलमध्ये लावला म्हणून तो संरक्षित होत नाही. पण «यामुळे आदेश टिकणं अवघड» हे मत आहे, आणि ते सल्ल्याचाच भाग आहे. म्हणजे एकाच वाक्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या खणांत जातात, आणि पट्टी मारणाऱ्या कारकुनाने हे ठरवावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. ते वकिलाचंच काम आहे.

आणखी एक बारकावा. मताचा अर्धा भाग झाकला आणि तारीख व हजेरी मात्र ठेवली, तर चार महिन्यांच्या चौकशीतून नेमकी हीच एक बैठक का निवडली, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो आणि उत्तरही त्यालाच सुचतं. वकिलाचं मन शब्दांइतकंच निवडीतूनही दिसतं. «सल्ला घेतल्यानंतर कंपनीने मार्चमध्ये समिती बदलली» अशा साध्या वाक्यातूनही सल्ला काय होता ते कळतं. तडजोडीचा आकडा झाकला, पण खाली ऑडिटरसाठी तितकीच तरतूद दाखवली, तरी तोच प्रकार. म्हणूनच पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. सल्ला आतल्या टिपणाच्या मांडणीत मुरलेला असतो, आणि मांडणीवर पट्टी मारता येत नाही.

कंपनीच्या पगारी वकिलांनी तर आता जास्त सावध व्हायला हवं. मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या जुन्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने पगारी कायदेशीर सल्लागारालाही वकिलासारखंच संरक्षण दिलं होतं, आणि आपल्याकडची कित्येक लीगल खाती त्याच भरवशावर चालली. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स पाठवण्याच्या प्रकरणात, इन-हाउस वकील कोर्टात वकिली करत नसल्यामुळे त्यांना कलम 132 चं संरक्षण नाही असं सांगितलं. कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराशी इन-हाउस वकिलांनी केलेल्या संवादाला कलम 134 चं मर्यादित छत्र आहे, पण मालक आणि इन-हाउस वकील यांच्यातल्या संवादासाठी ते मागता येत नाही. म्हणजे आमचं टिपण इन-हाउस वकिलाने व्यवस्थापकीय संचालकांसाठी स्वतःचं मत म्हणून लिहिलं असेल, तर ते बाहेर जाण्याआधीच, आतल्या आतच, उघडं आहे. मत बाहेरच्या वकिलाच्या पत्रात राहू द्यावं आणि टिपणात फक्त घटनाक्रम ठेवावा, ही शिस्त आता चैन राहिलेली नाही.

मग बाहेर काय पाठवायचं? ग्राहक कंपनीसाठी मी असं लिहीन:

«अहवाल काळात कंपनीकडे लैंगिक छळाची एक तक्रार आली. अंतर्गत समितीने चौकशी करून आपला अहवाल दिला आणि कंपनीने त्यावर कार्यवाही केली. कार्यवाहीविरुद्ध अपील प्रलंबित आहे. समितीची फेररचना झाली असून सर्व पाळ्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेतलं आहे.»

विभाग गेला, वय गेलं, पाळी गेली, साक्षीदार पूर्णच गेला. «बडतर्फ» हा शब्दही गेला, कारण अशी बातमी औद्योगिक वसाहतीत आठवड्याभरात पसरते आणि तारखेशी जुळवली की माणूस सापडतो. तक्रार सिद्ध झाली असली तरी त्याची ओळख झाकायची जबाबदारी कायद्याने आपल्यावर ठेवली आहे. आणि एक शब्द मी मुद्दाम लिहिलेला नाही: चौकशी «नियमाप्रमाणे» झाली. झाकण्याचा अधिकार आहे, खोटं बोलण्याचा नाही. ग्राहकाने थेट विचारलंच, तर प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने चौकशीच्या कार्यपद्धतीवर भाष्य करता येत नाही, एवढंच उत्तर द्यावं. घाईघाईत गाळागाळ करताना उरलेली वाक्यं जोडायला असे गुळगुळीत शब्द आपोआप येतात आणि त्यातून खोटं विधान सहीनिशी बाहेर जातं.

विमा कंपनीचं वेगळं. तिला अपील कुठे आहे, मागणी किती आहे, पुढची तारीख कोणती, घटना पॉलिसीच्या कोणत्या काळातली आहे हे लागतं. ते द्यावं. यशाची शक्यता किती, असं तिने विचारलं तर ते उत्तर सारांशात घालू नये. अशिलाची लेखी संमती घ्यावी, गोपनीयतेचा करार करावा, आणि ते पत्र कंपनीच्या बाहेरच्या वकिलाकडून विमा कंपनीच्या वकिलाकडे वेगळं जावं. इतकं करूनही ते पत्र पुढे कोर्टात संरक्षित राहीलच याची खात्री मी देणार नाही, म्हणून तेही थोडक्यात असावं.

या सगळ्याचा गैरफायदा घेणारेही आहेत. गोपनीयतेचं नाव पुढे करून कंपन्या स्वतःच्या चुका झाकतात. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ किती पडून राहिल्या, हे जुलै 2025 पासून संचालक मंडळाच्या अहवालातच सांगावं लागतं. हे आकडे ना कुणाचे वैयक्तिक, ना वकिलाच्या सल्ल्याचे. समितीला उशीर झाला असेल तर तो उशीर कंपनीचा आहे, तक्रारदाराची त्यात कसलीही अब्रू गुंतलेली नाही. ज्या सारांशात सगळी पानं काळी आणि वर «प्रिव्हिलेज्ड» असा शिक्का आहे, तो वाचताना मला तक्रारदाराच्या काळजीपेक्षा व्यवस्थापनाची भीती जास्त दिसते. प्रत्येक गाळलेल्या गोष्टीपुढे कारण लिहिलेलं असावं: ओळख की सल्ला. दोन्हींत बसत नसेल तर ती गाळू नये. ही कारणांची नोंद लीगल विभागातच राहते, ती बाहेर जात नाही.

तांत्रिक बाजू मी थोडक्यात सांगतो. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत, ट्रम्प यांच्या निवडणूक प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदात काळ्या पट्ट्या होत्या, पण खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की सगळं वाचता येत होतं. पत्रकारांनी ते काही वेळातच केलं. आपल्याकडेही वर्डमधला काळा हायलाइट पीडीएफ केला की हेच होतं. पाठवण्याआधी सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहावा. फाईलचं नाव, दस्तऐवजाच्या प्रॉपर्टीज, ट्रॅक चेंजेस, कॉमेंट्स आणि ईमेलखाली लोंबकळणारी जुनी साखळी पाहावी. मसुदा कोऱ्या फाईलमध्ये लिहिला तर यातली निम्मी भीती राहतच नाही.

शेवटचा प्रश्न, मसुदा कुणी तपासायचा. प्रिव्हिलेज वकील ओळखतो, पण माणसं कशावरून ओळखू येतात हे वकिलाला कळत नाही. तो कारखान्यात दुसऱ्या पाळीला कधी गेलेला नसतो. त्यासाठी अंतर्गत समितीच्या अध्यक्षांनी तो वाचावा; त्यांना प्रकरण आधीच माहीत असल्याने गोपनीयतेत नवा भागीदार येत नाही. आणि माझं मत आणखी एक पाऊल पुढे आहे. तो मसुदा बाहेर जाण्याआधी समितीमार्फत तक्रारदारालाही दाखवावा. कायदा तसं सांगत नाही आणि बहुतेक व्यवस्थापनं या सूचनेवर दचकतात. पण या मसुद्यात सल्ला नाही, आकडा नाही, साक्षीदार नाही. तिला दाखवल्याने कंपनीची कुठलीही बाजू उघडी पडत नाही. «सर्व पाळ्यांतल्या» हे शब्द आपल्यापर्यंत पोचवतात असं तिला वाटलं, तर ते काढून «सर्व कर्मचाऱ्यांसाठी» असं करायला अर्धा मिनिट लागतो. कुठल्या शब्दावरून आपली ओळख पटते हे तिच्यापेक्षा चांगलं दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही.